महाप्रसाद एकच, मग कुणाला तीन तासांत उलट्या आणि कुणाला तिसऱ्या दिवशी, असं कसं?

शलाका_खारीगाव
गुरुवार, रात्री ९.४०

इथे अन्नतपासणी किंवा वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी असेल तर मला हे नीट समजून घ्यायचं आहे, कारण यावरून आमच्या सोसायटीत दोन तट पडलेत.

आम्ही कळव्याला, खारीगावात राहतो. मागच्या शनिवारी सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद होता, दीडशेच्या आसपास पानं. मसालेभात, वाटाण्याची उसळ, पुऱ्या आणि काकडीची कोशिंबीर केटररकडून. प्रसादाचे खव्याचे मोदक मात्र आम्ही बायकांनी शुक्रवारी रात्री सोसायटीच्या हॉलमध्ये बसून केले. साडेबाराला आरती झाली, मोदक वाटले, एक वाजता पहिली पंगत बसली.

पावणेचारच्या सुमाराला बी विंगमधली दोन मुलं ओकायला लागली. सहा वाजेपर्यंत चौदा जण झाले. नुसत्या उलट्यांवर उलट्या, पोटात मुरडा, काहींना नंतर एखाद-दोन जुलाब. ताप कुणालाच नाही. रविवारी सकाळी बहुतेक सगळे उठून चहा पीत होते.

रविवारी संध्याकाळी रेतीबंदरला विसर्जन झालं. आम्हाला वाटलं, संपलं. तर मंगळवारी पहाटे दोन वाजता माझ्या नवऱ्याला थंडी वाजून ताप भरला, १०२ च्या वर. मग उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. त्याच दिवशी सोसायटीतल्या आणखी दोघांना तसंच झालं.

कमिटीने केटररचे राहिलेले वीस हजार अडवून ठेवलेत. तो म्हणतो, "माझं जेवण खराब असतं तर सगळे त्याच संध्याकाळी पडले असते. मंगळवारचं माझ्या डोक्यावर कशाला?" सेक्रेटरी म्हणतात, एकाच पंगतीत जेवलेले लोक, कुणाला लवकर लागलं, कुणाला उशिरा, इतकंच. कोण बरोबर?

नंदू_नेरूळ
गुरुवार, रात्री १०.०५

साधा हिशोब आहे ताई. ज्याच्या पोटात विष जास्त गेलं त्याला लगेच उलटी, ज्याच्या पोटात कमी गेलं किंवा ज्याची प्रकृती दणकट त्याला उशिरा. मुलं नाजूक म्हणून तीन तासांत, तुमचे मिस्टर धडधाकट म्हणून तीन दिवस तग धरला. जेवण एकच, दोष एकच. आणि केटररने भात दुपारी परत गरम करून वाढला असता तर काहीच झालं नसतं. उकळलं की जंतू मरतात, विषय संपतो.

काका_वर्तकनगर
गुरुवार, रात्री १०.२०

शलाका, मिस्टरांना आल्याचा रस, लिंबू आणि चिमूटभर सैंधव चाटायला दे. उलटी ताबडतोब थांबते. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात. दोन दिवस मऊ भात आणि ताक.

शलाका_खारीगाव
गुरुवार, रात्री १०.३१

काका, धन्यवाद, पण तो आता बरा आहे, मऊ भातच चालू आहे. डॉक्टरांनी बुधवारी औषधं सुरू करायच्या आधी शौचाचा नमुना तपासणीला पाठवलाय. मला औषध नकोय, वेळेचं कोडं सोडवायचंय.

परीक्षानळी
गुरुवार, रात्री ११.१५

मी सव्वीस वर्षं नवी मुंबईतल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

नंदू, तुम्ही म्हणता त्यात एक गोष्ट खरी आहे. जंतू एकच असेल, तर जास्त प्रमाणात पोटात गेल्यावर आजार थोडा लवकर येतो. पण तीन तास आणि अडीच दिवस हा फरक प्रमाणाने पडत नाही. तिथे आजाराची जातच वेगळी असते.

असं बघा. उलटीचा हुकूम मेंदूकडून येतो. जठर आणि आतड्याच्या वरच्या भागाच्या अस्तरात काही पेशी पहारा देत बसलेल्या असतात. नको ते आलं की त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते जवळच्या मज्जातंतूला डिवचतं आणि तो तंतू थेट मेंदूच्या देठापर्यंत वर्दी नेतो. वर्दी पोचायला क्षणाचाही वेळ लागत नाही. म्हणजे उशीर होतो तो वर्दी देण्याजोगं काहीतरी तयार होण्यात. ते कुठे तयार होतं, यावर सगळं घड्याळ अवलंबून आहे.

पहिल्या जातीत जंतूंनी आपलं काम अन्नातच उरकलेलं असतं. पातेल्यात किंवा ताटात तासन्‌तास वाढताना त्यांनी विष सोडलेलं असतं. तुम्ही घास घेता तेव्हा ते आयतं पोटात जातं, जंतू जिवंत असो नसो. मग एक ते सहा तासांत, कधी अर्ध्या तासातही, उलट्या. शरीरात कुणी घुसलेलंच नसतं, त्यामुळे ताप सहसा येत नाही आणि विष बाहेर पडलं की दिवसभरात माणूस उभा राहतो. तुमचे शनिवारचे चौदा जण अगदी याच वर्णनात बसतात.

दुसऱ्या जातीत अन्नातून नुसते जिवंत जंतू जातात. त्यांना जठरातल्या आम्लातून वाचायचं असतं, लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोचायचं असतं, अस्तराला चिकटायचं, पेशींत शिरायचं आणि तिथे वाढायचं. शरीराला कळेपर्यंत आणि ते लढायला उठेपर्यंत बारा तास ते तीन दिवस जातात, काही जंतूंना त्याहून जास्त. लढाई म्हणून ताप. तुमच्या मिस्टरांचं चित्र हे दिसतंय.

आणि "उकळलं की विषय संपतो" याबद्दल नंदू, हात जोडून सांगतो, हे मनातून काढा. जंतू मरतो, विष मरेलच असं नाही. माणसाच्या हातावरून अन्नात उतरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विष शंभर अंशांवर अर्धा तास उकळूनही टिकतं. भातातल्या बॅसिलस या जंतूचं उलटी आणणारं विष त्याहून चिवट आहे, कुकरच्या शिट्टीलाही ते दाद देत नाही.

आश्लेषा_खारघर
शुक्रवार, सकाळी ७.५०

उशिरावरून आमचं आठवलं. माझ्या भावाला एका रविवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. आदल्या रात्री आम्ही सगळे बाहेर जेवलो होतो, म्हणून त्या हॉटेलवाल्याला जाऊन खूप बोललो. चार दिवसांनी डोळे पिवळे दिसले. कावीळ निघाली, हेपटायटिस ए. डॉक्टरांनी विचारलं, महिन्यापूर्वी कुठे गेला होतात? तेव्हा तो मित्रांबरोबर ट्रेकला गेला होता आणि सगळ्यांनी वाटेतल्या एका टाकीतलं पाणी प्यायलं होतं. त्याच्या मित्रालाही त्याच आठवड्यात झाली. त्या हॉटेलवाल्याची आम्ही अजून माफी मागितलेली नाही, याचं वाईट वाटतं.

परीक्षानळी
शुक्रवार, सकाळी ८.३०

आश्लेषा, हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. त्या विषाणूला पंधरा ते पन्नास दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. तो आतड्यातून यकृतात जाऊन तिथे वाढतो, म्हणून इतका लांबचा पल्ला. आणि आपल्या सगळ्यांची चूक एकच असते, शेवटचं जे खाल्लं त्यावर आळ घ्यायचा. उलटीत शेवटचं जेवण दिसतं, म्हणून दोषही त्याचाच वाटतो.

शलाका, आता मला तुमच्याकडून माहिती हवी आहे. आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं हे सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा की ज्यांनी सगळं न खाता एखादाच पदार्थ खाल्ला, त्यांचं काय झालं. उपास असलेले, उशिरा आलेले, डबा घरी नेलेले. असा एकटा माणूस चौदा जणांपेक्षा जास्त सांगून जातो.

ऐरोलीची_अन्नपूर्णा
शुक्रवार, दुपारी ३.१०

माझं ऐरोलीत पोळीभाजी केंद्र आहे, रोज ऐंशी-नव्वद डबे जातात. मला शंका भातावरच आहे. दीडशे माणसांचा मसालेभात म्हणजे मोठा टोप. तो पहाटे पाचला करून झाकून ठेवला, की मधला भात दुपारी एकपर्यंत कोमटच राहतो. मी स्वतः हात घालून पाहिलंय, कडेचा गार आणि मधला ऊबदार. ती ऊब फार वाईट. म्हणून उरलेला भात मी टोपात कधीच ठेवत नाही. दोन मोठ्या परातींत बोटभर जाडीचा पसरते, पंख्याखाली गार करते आणि तासा-दीड तासात फ्रिजमध्ये ढकलते.

परीक्षानळी
शुक्रवार, दुपारी ४.००

ताई, तुमची परात प्रयोगशाळेत शिकवण्यासारखी आहे. तांदळावर या बॅसिलसची बीजं शेतातूनच आलेली असतात. बीजं शिजूनही मरत नाहीत, उलट उष्णतेने जागी होतात आणि त्या कोमट मधल्या भागात त्यांची वसाहत उभी राहते. उलटीचं विष तिथेच बनतं. परातीत पसरल्यावर त्यांना तेवढा वेळच मिळत नाही.

त्यामुळे घड्याळावरून इथे दोन संशयित आहेत, भातातला बॅसिलस आणि मोदकातला स्टॅफिलोकॉकस. दोघांचा वेळ एक ते सहा तासच, दोघांत उलट्या, दोघांत ताप नाही. आजारी माणसाकडे बघून हे दोघं वेगळे काढता येत नाहीत. कुणी काय खाल्लं यावरूनच कळेल. वाट बघतोय शलाका.

घोडबंदरकर
शुक्रवार, संध्याकाळी ६.४५

मोदकात कशाला काही होईल? इतकी साखर असते. साखरेत जंतू टिकत नाहीत, म्हणून तर मुरांबा वर्षभर राहतो. शिवाय मोदक सगळ्यांनीच खाल्ले असतील, मग चौदाच जण का?

आणि मंगळवारच्या लोकांनी शनिवारी ओकाऱ्या साफ केल्या असतील, त्यातून लागण झाली असेल, असं नाही का?

शलाका_खारीगाव
शुक्रवार, रात्री १०.५०

संध्याकाळभर तीनही विंगांमध्ये फिरले. वही घेऊन गेले होते. जे कळलं ते लिहिते.

चौदाच्या चौदा जणांनी मोदक खाल्ले होते. चौदातल्या बारांनी भात खाल्ला होता. उरलेले दोघे कोण, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एक आमचे वॉचमन. ते आमच्या पंगतीला बसलेच नाहीत, घरून आणलेला डबा त्यांनी रात्री उशिरा खायला ठेवला होता. आरतीनंतर त्यांना कुणीतरी दोन मोदक हातावर दिले, तेवढेच खाल्ले. पाच वाजता त्यांना केबिनमागे ओकताना मुलांनी पाहिलं होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या, सी विंगमधल्या आजी. त्यांचा शनिवार होता, प्रसाद म्हणून एक मोदक घेतला आणि बाकी शेंगदाणे-केळं.

उलट बाजूने, केटररच्या चार वाढप्यांनी आणि आचाऱ्याने शेवटी तोच भात, तीच उसळ पोटभर खाल्ली. मोदक संपले होते. त्यांच्यातलं कुणीच पडलं नाही.

मोदक सगळ्यांना पुरले नव्हते. साधारण शंभर होते. तीन परातींत रचून ठेवले होते आणि त्यातली एक परात बी विंगच्या बाजूला वाटली गेली. आजारी पडलेल्यांतले नऊ जण बी विंगचे.

परीक्षानळी
शनिवार, सकाळी ६.५५

तुम्ही प्रयोगशाळेपेक्षा चांगलं काम केलंत. माझ्या मते शनिवारचा निकाल बराचसा लागला. वॉचमन आणि आजी यांच्यात मोदकाशिवाय सामायिक काही नाही आणि आचारी-वाढपी भात खाऊन ठणठणीत. भात सुटला.

घोडबंदरकर, साखरेबद्दलचं तुमचं म्हणणं मुरांब्याला लागू आहे, खव्याच्या मोदकाला तितकंसं नाही. मोदक ओलसर असतो. आणि साखर, मीठ ज्या प्रमाणात इतर बऱ्याच जंतूंना अडवतं, त्या प्रमाणात स्टॅफिलोकॉकस आरामात जगतो. इतर अडल्यामुळे त्याला मैदान मोकळं मिळतं. म्हणून मिठाई, केक, क्रीम, खारवलेलं मांस, असल्या हाताळलेल्या पदार्थांत तो पुन्हा पुन्हा सापडतो.

आता हिशोब करू. मोदक शुक्रवारी रात्री साधारण कधी वळले? अकरा धरू. वाटले साडेबाराला. साडेतेरा तास हॉलच्या उबेत. हातावरून एका ग्रॅममागे समजा शंभरच जंतू गेले. तिशीच्या तापमानात ते तासाला दुप्पट होतात असं धरलं, खरं तर त्याहून वेगाने होऊ शकतात, तरी दहा तासांत एक लाख आणि तेरा तासांत आठ लाख. ग्रॅममागे लाखाच्या पुढे गेले की आजारी पाडण्याइतकं विष साठायला लागतं. म्हणजे सकाळी सातला कुणी मोदक खाल्ला असता तर बहुधा काही झालं नसतं. साडेबारा वाजता झालं. चव, वास, रंग यांतलं काहीही बदललेलं नसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

आणि चौदाच का? कारण जंतू शंभर मोदकांवर सारखे पसरत नाहीत. एका माणसाच्या हातचे वीस-पंचवीस मोदक एका परातीत एकत्र रचले जातात. बी विंगची परात हेच सांगतेय.

साफसफाईचा मुद्दा चांगला काढलात. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू असा पसरतो आणि त्याला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. पण शनिवार संध्याकाळ ते मंगळवार पहाट हे त्याहून लांब आहे आणि १०२ च्या वरचा ताप त्यात सहसा दिसत नाही. शिवाय शनिवारची लागण विषाची होती. विषाच्या उलटीतून दुसऱ्याला विषबाधा होत नाही.

शलाका_खारीगाव
शनिवार, सकाळी ११.२०

हे लिहिताना हात थरथरतोय. आम्ही आठ जणी मोदक वळत होतो. त्यातल्या एकीच्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, पिवळट पू दिसत होता. मी बघितलं होतं. तिने वर पट्टी बांधली होती, पण साच्यात खवा दाबताना ती सारखी सुटत होती आणि ती परत गुंडाळत होती. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, हिला दुखत असेल. ती खूप मायेने सगळ्यांचं करणारी बाई आहे. तिला कसं सांगू?

परीक्षानळी
शनिवार, दुपारी १२.१०

नखुरड्यातला पू हा बहुतेक वेळा याच जंतूचा असतो, हे खरं. १९७५ मध्ये अलास्काहून युरोपला जाणाऱ्या एका जपानी विमानात ऑम्लेट खाऊन १९७ जण आजारी पडले होते. ती करणाऱ्या आचाऱ्याच्या बोटांना पिकलेले फोड होते. विमानात ती गरम करून वाढली होती, तरी विष टिकलं.

पण तिला दोषी ठरवू नका. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू शांतपणे राहत असतो. आठ जणींपैकी दोघी-तिघींच्या नाकात तो असू शकतो. कुणी घाम पुसला, कुणी नथ सारखी केली, तेवढंही पुरतं. मोदकाचा नमुना उरलेला नाही, त्यामुळे कुणाच्या हातचा हे आता कधीच कळणार नाही. आणि कुणाच्याही हातचा असता तरी मोदक रात्री फ्रिजमध्ये गेले असते तर शंभराचे आठ लाख झाले नसते. हात एकीचा असेल, पण ते साडेतेरा तास सगळ्यांचे होते.

मला मात्र तुमच्या मिस्टरांचं अजून उमगलेलं नाही. ते ॲसिडिटीची गोळी घेतात का? आणि शुक्रवारपासून सोमवारपर्यंत त्यांनी काय काय खाल्लं, तासावार लिहून काढा. बाकी दोघांचंही.

नंदू_नेरूळ
शनिवार, दुपारी १.३०

मला एक विचारायचंय, भांडण म्हणून नाही. मग केटरर बरोबरच म्हणाला ना? "खराब असतं तर त्याच संध्याकाळी पडले असते."

परीक्षानळी
शनिवार, दुपारी २.०५

नंदू, या वेळी तो निर्दोष आहे, पण त्याचं कारण चुकीचं आहे. त्याच्या कोशिंबिरीतून जंतू गेले असते तर लोक सोमवारी-मंगळवारी पडले असते आणि तो तरीही जबाबदार असता. त्याला सोडवलं ते वॉचमननं आणि आचाऱ्याच्या ताटानं. हा फरक कमिटीला नक्की सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी संध्याकाळी कुणी ओकलं नाही म्हणजे जेवण चांगलं, असा नियम होऊन बसेल.

शलाका_खारीगाव
शनिवार, रात्री ९.१५

रिपोर्ट आला. साल्मोनेला. डॉक्टर म्हणाले टायफॉइडवाला नाही, पोटाचा.

आणि हो, तो गेली चार वर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतो. तुम्ही ते का विचारलंत?

तासावार लिहून काढलं. शुक्रवार-शनिवारी घरचं आणि महाप्रसाद. रविवारी रेतीबंदरहून परतताना रात्री दहाच्या सुमाराला विसर्जनाच्या पोरांनी रस्त्यावर रोल खाल्ले, आत मेयोनीज होतं. सहा-सात जण होते. हे तो मला आत्ता सांगतोय! त्याच्या मते रोल खाऊन दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, म्हणजे रोल चांगला होता.

परीक्षानळी
शनिवार, रात्री १०.००

रविवार रात्री दहा ते मंगळवार पहाटे दोन, अठ्ठावीस तास. साल्मोनेलासाठी अगदी नेहमीचा वेळ. शनिवारच्या जेवणापासून मोजलं तर एकसष्ट तास होतात, तेही अशक्य नाही. पण शनिवारी दीडशे लोक जेवले आणि त्यातले तिघेच पडले, तर रविवारी सहा-सात जणांनीच रोल खाल्ले. मेयोनीज कच्च्या अंड्याचं करतात, ते शिजत नाही आणि गाडीवर तासन्‌तास बाहेर असतं. तेलंगणाने २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली ती यामुळेच.

गोळीबद्दल म्हणाल तर जठरातलं आम्ल ही साल्मोनेलाची पहिली चाळण. रोज गोळी घेणाऱ्याची ती चाळण विरळ झालेली असते, मग थोडेसे जंतूही पार होतात. सहा जणांनी रोल खाऊन एकच जास्त का आजारी पडला, याला हेही कारण असू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

बाकी दोघांनी रोल खाल्ला होता का?

काका_वर्तकनगर
रविवार, सकाळी ८.१५

सगळा धागा वाचला. माझं आलं-लिंबू इथे गैरलागू होतं हे समजलं. एक विचारतो. लहान मुलाला अशा उलट्या झाल्या तर किती वेळ घरी थांबावं? माझा नातू तीन वर्षांचा आहे.

परीक्षानळी
रविवार, सकाळी ९.००

काका, मी डॉक्टर नाही, पण आमच्याकडे सांगायचे ते सांगतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, ते चमच्या-चमच्याने सतत. सहा तासांत लघवी झाली नाही, मूल मलूल झालं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, शौचात किंवा उलटीत रक्त दिसलं, तर कारण शोधत बसू नका, लगेच दवाखाना.

शलाका_खारीगाव
सोमवार, रात्री ८.४०

काल कमिटीची बैठक झाली. मी वही वाचून दाखवली, वॉचमनना समोर बोलावून त्यांच्या तोंडून ऐकवलं. केटररचे वीस हजार आज दिले. दोघा-तिघांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात मोदक तर देवाचा प्रसाद होता. पुढच्या वर्षी खव्याचे मोदक त्याच सकाळी वळायचे आणि वाटेपर्यंत फ्रिजमध्ये, एवढं ठरलं.

नखुरडंवाल्या ताईंकडे मी स्वतः गेले. काही न लपवता सांगितलं आणि कुणाच्या हातून झालं हे कळणार नाही, हेही सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, अंगठा अजून ठणकतोय. उद्या तिला घेऊन दवाखान्यात जातेय.

बाकी दोघांपैकी एकाने रोल खाल्ला होता, त्याला मंगळवारी दुपारी ताप आला. पण तिसरा ठामपणे म्हणतो की त्याने रोल खाल्लाच नाही, रविवारी तो विसर्जनाला आलाही नव्हता. त्याने तपासणी केलेली नाही आणि आता औषधं घेऊन बरा झालाय. मग त्याचं कशाने झालं?

परीक्षानळी
सोमवार, रात्री ९.३०

नमुना नाही, त्यामुळे जंतू कोणता हे आता सांगता येणार नाही. त्याला झालेला आजार याच गटातला आहे, हेही आपण धरून चाललो आहोत. त्याला फक्त एवढं विचारा, मंगळवारच्या आधीच्या चार-पाच दिवसांत घरी अंडी, चिकन किंवा न तापवलेलं दूध आलं होतं का आणि घरात आणखी कुणाचं पोट बिघडलं होतं का. आधी झालं असेल, तर त्याचा तुमच्या गणपतीशी संबंधच नसेल.

शलाका_खारीगाव
सोमवार, रात्री ९.५२

त्याची धाकटी मुलगी रविवारपासून तापाने आजारी होती म्हणे. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उद्या जाऊन विचारते.